दोर कोणाच्या हातात

तुमच्या घरातलं पिण्याचं पाणी विहिरीतून कोण काढतं? पाणी कुठून येतं, हे मी विचारत नाही. वर ओढताना दोर कोणाच्या हातात असतो, एवढंच विचारते आहे. ज्यांच्या घरी नळ आहे त्यांनी आपल्या गावचं आठवून सांगावं.

हा प्रश्न मी अमरावतीत एका लाकडी टेबलापाशी बसून लिहिला होता. म्हणजे लिहिला नव्हता, त्याचं भाषांतर केलं होतं. त्या एका ओळीने मला एक अख्खा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा गोंधळात टाकलं, आणि खरं सांगायचं तर त्या गोंधळातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही. लिहून पाहावं म्हणून लिहिते आहे.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले त्या वर्षीची गोष्ट. कॉलेजातले समाजशास्त्राचे प्राध्यापक खेड्यांची एक मोठी पाहणी करत होते. तीच पाहणी इतर राज्यांतही चालली होती. प्रश्नावली मूळ इंग्रजीत, परदेशातल्या आणि दिल्लीतल्या विद्वानांनी मिळून केलेली. आमच्या सरांना वऱ्हाडासाठी ती मराठीत हवी होती आणि त्यांना इंग्रजी येणारी, खेड्यात वाढलेली मुलगी हवी होती. दोन्ही बाबतींत मी बसत होते.

तिसरीही एक बाब होती. ती सरांना पहिल्याच दिवशी कळली. मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी पुस्तक नव्हतं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वडील प्रत्येक सभेहून पत्रकं आणायचे, त्यांच्या घड्या उलगडून मला वाचायला लावायचे, आणि मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. पत्रकातलं प्रत्येक वाक्य माणसाला उठून उभं राहायला सांगतं. मला वाटायचं, वाक्य असंच असतं.

मी केलेलं पहिलं पान वाचून सर म्हणाले, "हे चांगलं आहे. पण हे वाचून शेतकरी उत्तर देणार नाही. मोर्चा काढेल."

"मग काढू दे," मी म्हणाले.

"काढू दे की. पण मोर्च्याचं उत्तर 'नेहमी, कधी कधी, कधीच नाही' यांपैकी कोणत्या चौकटीत लिहायचं ते तेवढं सांगा."

मी पान परत घेतलं. मला राग आला होता आणि हसूही आलं होतं.

कामाची रीत त्यांनी समजावून सांगितली. मी इंग्रजीचं मराठी करायचं. ते मराठी अकोल्याला एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे जायचं. ते आयुष्यभर इंग्रजी शिकवून बसलेले, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी मूळ इंग्रजी बघायचंच नाही. फक्त माझं मराठी वाचून त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं. मग सर मूळचं इंग्रजी आणि मास्तरांचं इंग्रजी शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायचे. शब्द वेगळे असले तर चालतील, अर्थ हलता कामा नये. अर्थ हलला असेल तर वाटेत कुठंतरी, बहुतेक माझ्या मराठीत, काही सांडलं किंवा भलतंच मिसळलं. मग ती ओळ पुन्हा करायची. असं का, तर पंजाबातल्या शेतकऱ्याला आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला विचारलेला प्रश्न एकच असला पाहिजे. नाहीतर दोघांच्या उत्तरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

हे मला एकदम पटलं. सगळ्यांना एकच प्रश्न, यात मला समता दिसली.

सुरुवातीला गंमतही आली. 'गेल्या बारा महिन्यांत तुम्ही रासायनिक खत वापरलं का' असा प्रश्न होता. बारा महिने कोण मोजून ठेवतो? मी लिहिलं, 'मागच्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत'. अकोल्याहून इंग्रजी आलं ते असं, की बैलांच्या एका सणापासून बैलांच्या दुसऱ्या सणापर्यंत. सर खळखळून हसले. मला वाटलं आता हे कापणार. पण त्यांनी बाजूला बरोबरची खूण केली. "काळ तेवढाच आहे," ते म्हणाले. "अर्थ राहिला. सण वरून मिळाला."

मग विहिरीची ओळ आली.

मूळ इंग्रजीत विचारलं होतं, गावच्या सार्वजनिक विहिरीचा वापर तुमच्या घराला आहे का? 'वापर' हा शब्द मला कागदी वाटला. आमच्या वस्तीत कोणी तसं बोलणार नाही. मी लिहिलं, 'गावच्या सार्वजनिक विहिरीचं पाणी तुमच्या घराला मिळतं का?' ओळ सोपी होती. मोठ्याने वाचली तरी अडखळत नव्हती.

मास्तरांकडून ती परत आली तेव्हा सर उठून उभे राहिले. मूळ वाक्य आणि मास्तरांचं वाक्य अक्षरशः एक होतं. स्वल्पविरामसुद्धा तोच. "याला म्हणतात भाषांतर," ते म्हणाले. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच वेळी त्यांनी सांगितलं की या ओळीला जरा जास्त महत्त्व आहे. मोर्शीकडच्या गावांतली या प्रश्नाची उत्तरं एकत्र करून विकास गटाच्या कचेरीत जाणार होती. ज्या गावात बौद्ध वस्तीला सार्वजनिक विहिरीचा वापर नाही असं निघेल, तिथे वस्तीत नवी विहीर खणण्याचा विचार होणार होता. त्या गावांत माझ्या आत्याचं गाव होतं. रिद्धपूरच्या वाटेवर, मानभावांच्या जत्रेला जाणाऱ्या बैलगाड्या जिथे थांबतात, त्याच्या थोडं आत.

आत्याला वस्तीत विहीर हवी होती. कित्येक वर्षं ती तेच बोलत होती. मला नको होती. विहीर वेगळी म्हणजे आपण वेगळे, हे आपणच कबूल करणं. कायदा झाला आहे, विहीर सार्वजनिक आहे, तर तीच आपली. यावर मी एक पत्रकही लिहिलं होतं आणि आत्याला वाचून दाखवलं होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "लय चांगलं लिव्हलं. आता ते दोन गुंड पाणी आणून दे." गुंड म्हणजे पाण्याचं मोठं भांडं.

छापण्याआधी प्रश्न खेड्यात नेऊन एकदा कच्चा विचारून पाहायचा असतो. माणूस उत्तर काय देतो एवढंच पाहायचं नाही. मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा, असंही त्याला म्हणायचं. त्यासाठी मी आत्याच्याच गावी गेले. ही चाचणी होती, यातली उत्तरं कुठे धरली जाणार नव्हती, म्हणून सरांनी जाऊ दिलं.

वस्तीत मी घरोघर ती ओळ विचारली.

"मियते की," आत्याची शेजारीण म्हणाली.

"मियते," पुढच्या घरातली म्हणाली. "रोजच मियते. न मियाले काय झालं?"

"मी काय विचारलं, ते तुमच्या शब्दांत सांगा बरं."

"तू इचारलं, इहिरीचं पाणी मियते काय. काहून वो, कॉलेजात कानाचं काही शिकवत नाई काय?"

सगळ्या हसल्या. उत्तर बरोबर, समजही बरोबर. मी वहीत तसं लिहिलं.

संध्याकाळी आत्याबरोबर पाण्याला गेले. विहिरीच्या ओट्याखाली, कडेला, आमच्या बाया आपापल्या घागरी ओळीने ठेवून बसल्या होत्या. मीही लहानपणी तशीच बसले होते. वर ओट्यावर पाटलीणबाई आपलं पाणी काढत होत्या. त्यांचं झालं तेव्हा त्यांनी आणखी थोडं काढलं आणि वरून, घागरीला बादली लागू न देता, आमच्या घागरींत ओतलं. अर्धं बाहेर सांडलं. आत्या म्हणाली, "लय उपकार झाले बाई." पाटलीणबाई म्हणाल्या, "कसचे उपकार." मन मोठं करून म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी तिथेच बसून राहिले. पाणी मिळालं होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. माझ्या ओळीला मिळालेलं प्रत्येक 'हो' खरं होतं. आणि त्या 'हो'ची बेरीज करून कचेरीत जाणारा कागद मात्र म्हणणार होता की इथल्या वस्तीला विहिरीचा वापर आहे. इंग्रजीशी इंग्रजी जुळलं होतं, स्वल्पविरामासकट. मग हे मधलं पाणी कुठे सांडलं?

अमरावतीला परतल्यावर मी सरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाले, "अकोल्याला जाऊन या. मास्तरांचं काम झालं आहे, आता त्यांच्याशी बोलायला हरकत नाही. तुमच्या वाक्यात 'वापर' नाही. त्यांच्या इंग्रजीत तो कुठून आला, ते विचारा."

एस.टी.ने मी अकोल्याला गेले. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग होती, बस त्यांच्या मागे रांगत होती. मास्तरांचं घर जुन्या शहरात होतं. घराणं अकोटकडचं, जमीनवालं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतःच्याच कपासारख्या कपात चहा दिला. मी कपाकडे बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे जरा जास्तच सरकवली.

"गाव कोणतं आपलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी पुढचं काही विचारलं नाही.

मी त्यांना त्यांचीच ओळ दाखवली. "इथे मिळतं असं लिहिलं होतं. तुम्ही वापर आहे असं केलंत."

"अहो, मिळतं म्हणजे तेच की." ते हसले. "प्रश्न सरकारी दिसतो. सरकारी इंग्रजीत हे असंच विचारतात. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या मी. पोराने काहीही लिहिलेलं असो, त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळतं. तुमचं मराठी जरा अंगणातलं होतं, मी त्याला कोट घातला."

"पण तुम्ही फक्त लिहिलेलं तेवढंच उलटवायचं होतं."

"म्हणजे सुधारायचं नाही?"

"नाही."

ते थोडे खट्टू झाले. "मग शिकवण्याचा उपयोग काय? बरं, पण मला सांगा, बाई. विहिरीचं पाणी मिळणं आणि विहीर वापरणं, यात फरक काय?"

हा माणूस मला डिवचत नव्हता. त्यांच्या घरात विहीर होती, मागच्या अंगणात, रहाटासकट. त्यांच्या आयुष्यात पाणी मिळणं आणि विहीर वापरणं कधी वेगळं झालंच नव्हतं. मी सांगितलं, वरून ओततात ते. त्यांचा चेहरा उतरला. "हो," ते म्हणाले, "आमच्या गावीही. आमची आई ओतायची." आणि मग बशीतली बिस्किटं नीट लावत, "ती फार प्रेमाने ओतायची."

परतीच्या बसमध्ये मला राग धरायला कोणी सापडेना. पत्रकात शत्रू नेहमी स्पष्ट असतो. इथे एक म्हातारा शिक्षक होता. माझं अंगणातलं मराठी बघून त्याला दया आली, आणि त्या दयेनेच फरक पुसून टाकला. आणि त्याच्याआधी मी होते. मी स्वतः ओट्याखाली बसलेली मुलगी, आणि तरी मला 'मिळतं' हा शब्द साधा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मी ओळ बदलली. 'सार्वजनिक विहिरीतून तुम्ही स्वतःच्या हाताने पाणी काढता का?' उलट भाषांतर या वेळी महिला महाविद्यालयातल्या एका बाईंनी केलं, कारण मास्तरांना आता सगळं ठाऊक झालं होतं. बाईंनी कोट वगैरे घातला नाही. लिहिलं होतं तेवढंच उलटवलं. स्वतःच्या हाताने, असंच इंग्रजीत आलं.

सरांनी ते ताडून पाहिलं आणि लाल पेन्सिलीने फुली मारली.

"मूळ प्रश्नात हात नाही," ते म्हणाले.

"मूळ प्रश्नात आमचं गाव नाही."

"तुमचं म्हणणं मला कळतं. पण पंजाबात विचारणार वापर आहे का, आणि इथे विचारणार स्वतःच्या हाताने काढता का. मग तो एकच प्रश्न राहिला का? तुम्हीच म्हणाला होतात, सगळ्यांना एकच प्रश्न."

"ज्या प्रश्नाला ओतून घेणाराही हो म्हणतो आणि काढणाराही हो म्हणतो, तो आमच्यात दोन प्रश्न आहे. तुम्ही त्याला एक म्हणता."

"मग मराठी ओढूनताणून बसवू नका," सर म्हणाले. "चूक मराठीत नसेल तर इंग्रजी बदलायला सांगू."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इंग्रजी बदलता येतं? छापून आलेलं, परदेशातून आलेलं? मला वाटायचं, मूळ म्हणजे दगड, आणि आपण त्यावर मराठी घासायचं. सरांनी शांतपणे पत्र लिहिलं. ओतण्याची रीत समजावली आणि सुचवलं की मूळ प्रश्नाचेच दोन करावेत. घरात पिण्याचं पाणी कुठून येतं? ते तिथून कोण काढतं, घरचं माणूस की दुसरं कोणी? उत्तर आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. सूचना मान्य होती. मूळ मसुदाच बदलला गेला, आणि इतर भाषांतल्या लोकांनाही ती ओळ पुन्हा करायला सांगितलं होतं. त्या रात्री मी वडिलांना लिहिलं की आपण जिंकलो.

नवी ओळ मी केली, बाईंनी उलटवली, सरांनी ताडली. या वेळी वाक्यं अक्षरशः जुळली नाहीत, पण अर्थ जुळला. सरांनी खूण केली. मला आत्याच्या गावी मुलाखती घ्यायला पाठवणार नाहीत हे ठाऊकच होतं. आपल्या नात्यातल्या माणसाला आपण विचारायचं नसतं. एक विद्यार्थी गेला, सज्जन, नीट वाचणारा.

पाहणी गावातून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आत्याकडे पोचले. मला ऐकायचं होतं. दुपारची वेळ होती. आत्या दारात बसली होती आणि घागरी पालथ्या होत्या.

"पाणी नाही?" मी विचारलं.

"नाई."

"का?"

"तुया प्रश्नानं."

मग तिने सांगितलं. विद्यार्थी आला तेव्हा त्याला घर दाखवायला पाटलांचा पुतण्या बरोबर आला होता, आणि प्रत्येक घरी मुलाखत होईपर्यंत दाराशी उभा राहिला. विद्यार्थ्याने माझी ओळ वाचली. पाणी विहिरीतून कोण काढतं, घरचं माणूस की दुसरं कोणी?

"मग तू काय सांगितलंस?"

"मीच काढते म्हनलं."

"आत्या."

"आत्या काय? तो परका पोरगा. दारात तो पाटलाचा दात काढून राह्यला. त्यायच्या तोंडापुढं मी म्हनू, मले दुसरे वाढतात? तू म्हनली असती? बाकीच्या बायायनंबी तेच सांगतलं."

माझी ओळ चांगली होती. तिच्यात आता दोन अर्थ शिरायला जागा नव्हती. म्हणूनच आत्याला लपायलाही जागा उरली नव्हती. 'मिळतं' या शब्दाआड ती खरं बोलून मान राखू शकत होती. मी तो शब्द काढून घेतला.

"मग पाणी का नाही?"

"त्यानं घरी जाऊन सांगतलं. आज सकाळी मी गेली तं पाटलीणबाई म्हने, काय वो, तू तं सोताच काढतं म्हने. मंग काढ. आन् बादली घेऊन चालली गेली."

आम्ही दोघी पालथ्या घागरींकडे बघत बसलो. सरांकडे जाऊन उत्तर बदलून घ्यावं, तर ते बदलता येत नाही. माणसाने जे सांगितलं ते लिहायचं, हा नियम मला पाठ होता. आणि ते उत्तर असंच राहिलं तर कागद म्हणणार, या वस्तीला वापर आहे, इथे नवी विहीर नको. आत्याने आपल्याच तोंडाने आपली विहीर घालवली होती. ती घालवावी असं मलाच वाटत होतं ना? मग मला रडू का येत होतं, ते मला कळेना.

"चाल," आत्या म्हणाली.

"कुठे?"

"सांगतलं तं आता खरं कराव लागन."

घरात दोर नव्हता. हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. घागरी होत्या, चुंबळ होती, पण विहिरीचा दोर त्या घरात कधी आलाच नव्हता, कारण तो कधी लागलाच नव्हता. आत्याने शेजारच्या बैलांचे दोन कासरे सोडून घेतले आणि त्यांना गाठ मारली.

ऊन उतरलं होतं. विहिरीवर पाटलीणबाई होत्या, आणखी दोघी-तिघी होत्या. आत्या ओट्यावर चढली. मी तिच्या मागून चढले. एका बाईने आपली भरलेली घागर पायाने लांब सारली. आत्याने कासरा घागरीच्या गळ्याला बांधला आणि घागर खाली सोडली. घागर गेली, गेली, आणि थांबली. कासरा संपला होता. खाली पाणी दिसत होतं. घागर त्याच्यावर हातभर लोंबत होती.

पाणी किती खोल आहे, हे आत्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती त्या विहिरीचं पाणी पीत होती.

पाटलीणबाई हसल्या. बाकीच्याही हसल्या. "अवो, इहीर लय खोल असते बाई," त्यांच्यातली एक म्हणाली.

"मंग थांबा," आत्या म्हणाली. "येतो आमी."

मी तिच्या मागे उतरले. मला वाटलं, आता घरी जाऊन ती दार लावून घेणार. तिने तिसरा कासरा आणला. आम्ही परत आलो तेव्हा बाया तिथेच होत्या. त्या खरोखरच थांबल्या होत्या. आत्याने गाठ मारली, ओढून पाहिली, घागर सोडली. पाण्याला लागल्याचा आवाज आला. वर ओढताना तिचा हात सोलला, मी धरायला गेले तर म्हणाली, "सरक." भरलेली घागर वर आली तेव्हा तिने ती ओट्यावर ठेवली आणि दम घेतला.

पाटलीणबाईंनी आपल्या बादलीतलं पाणी ओट्यावर ओतून दिलं, रिकामी बादली उचलली, आणि जाता जाता मागे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून आमचं झाल्यावर येत जाय."

मी त्या वाक्याचं मनातल्या मनात कितीदा तरी भाषांतर केलं आहे. ती बंदी होती की परवानगी? इंग्रजीत करते तेव्हा एकदा एक येतं, एकदा दुसरं. आत्याने मात्र विचार केला नाही. ती दुसऱ्या दिवशी त्यांचं झाल्यावर गेली. शेजारीणही गेली, त्याच दोराने. अजून जातात. भांडण झालं नाही आणि सलोखाही झाला नाही. ओट्यावर त्या चढतात तेव्हा आधीच्या बाया उतरतात, एवढंच.

नवी विहीर दुसऱ्या गावाला गेली. आत्याच्या गावापुढे 'वापर आहे' असं लिहिलं गेलं, आणि विद्यार्थ्याने ते लिहिलं तेव्हा ते खोटं होतं, कचेरीत पोचलं तेव्हा खरं होतं. मी सरांना हे सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "प्रश्नाने फक्त मोजायचं असतं. गाव हलवायचं नसतं." मग म्हणाले, "आणि मुलाखत घेताना दारात तिसरं माणूस नको, हे आम्ही विद्यार्थ्यांना नीट बजावायला हवं होतं." तो दोष त्यांनी स्वतःकडे घेतला, पण माझं समाधान झालं नाही. तिसरं माणूस नसतं तर आत्या खरं बोलली असती, विहीर वस्तीत झाली असती, आणि ती ओट्यावर कधी चढली नसती. यांतलं कोणतं बरं, हे पत्रक लिहिणाऱ्या मला सांगता येत नाही.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, "मले आपली पायजे होती, तुले हीच पायजे होती. झालं तुया मनासारखं. आता तूच ये ना एखाद्या दिवशी ओढाले."

म्हणून ही विनंती. तुम्ही आपल्या गावी जाल तेव्हा पाणी मिळतं का, असं कोणालाही विचारू नका. उत्तर हो येईल आणि ते खरंही असेल. सकाळी विहिरीवर जा आणि दोर कोणाच्या हातात आहे ते नुसतं पाहा. मग ओट्याखाली बसलेल्यांच्या घरी जा. त्यांच्या घरात दोर नसेल तर एक घेऊन जा. आणि नेण्याआधी विहिरीत सोडून बघा, पाण्याला पुरतो की नाही.